किलोभर रव्याचे लाडू किती?

‘एका किलोत लाडू किती होतात?’ हा प्रश्न दिवाळी जवळ आली की घरोघरी निघतो. उत्तरं मात्र पंचवीसपासून थेट नव्वदपर्यंत कुठलीही मिळतात. गंमत म्हणजे यातलं एकही उत्तर खोटं नसतं. विचारणारीच्या मनात एक किलो रवा असतो, सांगणारीच्या डोळ्यांसमोर वजन करून भरलेला एक किलो लाडवांचा डबा असतो. शिवाय एकीचा लाडू मुठीत मावत नाही आणि दुसरीचा लाडू मूल एका घासात संपवतं. तेव्हा आकडा सांगण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्यायला हव्यात. किलो कशाचा, आणि लाडू किती ग्रॅमचा.

इथे हिशोब धरला आहे तो पाकातल्या रवा-नारळाच्या लाडवांचा. पिठीसाखरेच्या बिनपाकी लाडवांचं गणित वेगळं पडतं, त्याकडे शेवटी येऊ.

आधी प्रमाण. बहुतेक घरांत ते वाटीच्या भाषेत पाठ असतं: चार वाट्या रव्याला तीन वाट्या साखर, दोन वाट्या नारळाचा चव आणि पाऊण वाटी तूप. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याची ही भाषा छापील पुस्तकात रुळवली, आणि घरच्या चार-सहा जणांपुरतं करायचं असेल तर तिच्याइतकी सोयीची भाषा दुसरी नाही. घोटाळा होतो तो वाटीवरून किलोवर जाताना. चारास तीन, म्हणजे एक किलोला पाऊण किलो, असं तोंडी गणित करून आपण ७५० ग्रॅम साखर तोलून मोकळे होतो. मग ‘घरी नेहमी छान होतात, जास्तीचे करायला गेलं की कोरडे पडतात’ अशी तक्रार ऐकू येते.

कारण साधं आहे. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो, आणि साखर रव्यापेक्षा जड असते. दीडशे मिलिलिटरची नेहमीची आमटीची वाटी घ्या. तिच्यात बारीक रवा साधारण १०५ ग्रॅम बसतो, साखर मात्र १२५ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे चार वाट्या रवा झाला ४२० ग्रॅम आणि तीन वाट्या साखर झाली जवळजवळ ३८० ग्रॅम. हेच किलोवर नेलं, तर एक किलो रव्याला नऊशे ग्रॅम साखर पडते, साडेसातशे नव्हे. वाटीचं प्रमाण काट्यावर नेताना दीडशे ग्रॅम साखर गळून जाते ती इथे.

साखर दीडशे ग्रॅम कमी पडली तर लाडू थोडे कमी गोड होतील, बिघडलं काय, असं वाटू शकतं. पण पाकातल्या लाडवात साखर नुसती गोडीसाठी नसते. पाकातलं पाणी रव्यापर्यंत पोचवायचं आणि गार झाल्यावर रव्याचे कण एकमेकांना धरून ठेवायचे, ही दोन्ही कामं तीच करते. एकतारी पाकात ढोबळमानानं तीन भाग साखर आणि एक भाग पाणी असतं. साखर दीडशे ग्रॅमनं घटली की पाक दोनशे ग्रॅमनं घटतो, आणि तेवढा पाक कमी मिळालेला रवा कोरडाच राहतो. मग त्यावर दूध शिंपडायचं, वरून तूप सोडायचं, ही सगळी पळापळ सुरू होते.

नऊशे ग्रॅमचे लाडू आजच्या जिभेला जरा जास्तच गोड लागतात, हेही खरं. साखर रव्याच्या बरोबरीनं, म्हणजे किलोला किलो घातली, तर पाक इतका होतो की मिश्रण आळायला अर्धा दिवस जातो. माझं मत विचाराल तर एक किलो रव्याला ८५० ग्रॅम साखर. आठशेच्या खाली उतरायचं असेल, तर ओल्या नारळाचा हात सैल सोडावा, म्हणजे थोडा ओलावा तिकडून भरून निघतो.

तुपाचं मोजमाप असंच वजनात आणू. त्याच वाटीत पातळ केलेलं तूप १३५ ग्रॅमच्या आसपास मावतं. चार वाट्यांना पाऊण वाटी म्हटलं की किलोला साधारण २४० ग्रॅम होतं. २२५ ते २५० ग्रॅमच्या मध्ये कुठेही चालेल. पाकाच्या लाडवात तुपाचं काम रवा नीट भाजला जावा आणि चव यावी एवढंच आहे, लाडू बांधायचं नाही. म्हणून तूप दुप्पट घातलं तर लाडू दुप्पट चांगला होत नाही. उलट तुपानं माखलेले रव्याचे कण पाक सावकाश पितात, मिश्रण ताटाला तूप सोडायला लागतं आणि वळताना हात नुसते तेलकट होतात.

नारळाचं एक वेगळंच. नारळ किलोवर मिळत नाही, नगावर मिळतो, आणि नग लहान-मोठा असतो. मध्यम नारळ खोवला की दोनशे ते अडीचशे ग्रॅम चव निघतो. काळी पाठ न येऊ देता, फक्त पांढरा भाग खोवला तर त्याहून कमी. चार वाट्यांना दोन वाट्या या हिशोबानं किलोभर रव्याला पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात चव लागतो. म्हणजे एक चांगला भरलेला नारळ, किंवा दोन लहान. नारळ कमी-जास्त झाल्यानं लाडू बिघडत नाही, फक्त टिकाऊपणा बदलतो. चारही जिनसांत मोकळीक आहे ती इथेच.

तर एक किलो बारीक रवा, ८५० ग्रॅम साखर, २२५ ग्रॅम तूप, एका नारळाचा चव म्हणजे २५० ग्रॅम, वेलची आणि मूठभर बेदाणे-काजू. बाजारात रवा घेताना बारीकच घ्यावा. उपम्याचा जाडा रवा पाक हळू पितो, आणि आत पाक न पोचलेले कण दाताखाली कचकच लागतात.

एक किलो रवा एका वेळी भाजायचा मोह टाळलेला बरा. घरातल्या कढईत तो नीट हलत नाही. तळाचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. अर्धा-अर्धा किलोचे दोन घाणे करावेत. कढईत निम्मं तूप घालून, मंद आचेवर, उलथनं न थांबवता भाजत राहायचं. सुरुवातीला रवा तुपात ओलसर, गोळे धरल्यासारखा जड लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो उलथन्यावरून मोकळा, वाळूसारखा सरसर घसरायला लागतो, आणि खमंग वास शेजारच्या खोलीपर्यंत जातो. रंग अगदी फिकट गुलाबीसर झाला की थांबायचं. त्याच्या पुढे गेलं तर लाडू शिऱ्याच्या रंगाचे होतात. चवीला वाईट नसतात, पण रव्याचा लाडू पांढुरका दिसावा अशी आपली अपेक्षा असते. दोन मिनिटं उरली असताना त्यात नारळाचा चव घालून तोही कोरडा होईपर्यंत परतायचा. त्यातून निघणारी वाफ थांबली, की नारळाचं काम झालं.

रवा कच्चा राहिला हे भाजताना कळत नाही, पाक घातल्यावर कळतं. नीट न भाजलेला रवा पाकातलं गरम पाणी घेऊन चिकट होतो, आणि मिश्रण दाणेदार न राहता खळीकडे झुकतं. असे लाडू वळायला सोपे असतात, मात्र खाताना टाळूला चिकटतात. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

आता पाक. ८५० ग्रॅम साखरेत ४२५ मिलिलिटर, म्हणजे साखरेच्या वजनाच्या निम्मं पाणी घालावं. साखर विरघळून उकळी आली की मळी वर येते, ती चमचाभर दुधानं काढता येते. चार थेंब लिंबू पिळलं तर पाक पुढे साखरत नाही. एकतारी पाकाची घरगुती परीक्षा सगळ्यांना माहीत आहे: थेंब बोटावर घेऊन, फुंकर घालून, अंगठा आणि तर्जनी हळूच दूर केली की एक बारीक तार निघते आणि तुटते. ज्यांना या तारेवर भरवसा नाही त्यांच्यासाठी काट्याची एक युक्ती आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी टिपून ठेवा. साखर आणि पाणी मिळून सुरुवातीला १,२७५ ग्रॅम भरतं. उकळून ते ११५० ग्रॅमच्या आसपास आलं की पाक एकतारीच्या दारात असतो. आणखी पंधरा-वीस ग्रॅम आटला की झाला. घरात साखरेचा थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सियसच्या सुमाराला हाच टप्पा येतो.

सगळ्यात जास्त लाडू फसतात ते या टप्प्यावर. तार यायच्या आधी पाक उतरवला तर त्यात पाणी जास्त राहतं. मिश्रण रात्रभर ठेवूनही पळीवाढं राहतं आणि वळलेला लाडू ताटात ठेवल्यावर बुडाशी चपटा होऊन बसतो. त्याला इलाज आहे. कढई पुन्हा मंद आचेवर ठेवून पाच मिनिटं परतायची, किंवा थोडा भाजलेला रवा मिसळायचा. उलटी चूक अधिक त्रासाची. फोन वाजला, पाक पुढे गेला, दोनतारी झाला, की मिश्रण तासाभरात दगड होतं. हातात घेतलं तर भुगा होतो, आणि दाबून वळलेच तर दुसऱ्या दिवशी फोडायला खलबत्ता लागतो. अशा वेळी पाव वाटी गरम पाणी शिंपडून, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हातानं मळून मोकळं करायचं. दूधही चालतं, पण दूध घातलेल्या लाडवांचं आयुष्य दोन-तीन दिवसांनी कमी होतं, हे धरून चालावं.

गरम पाकात रवा घातल्यावर मिश्रण पातळसर दिसतं. ‘पाणी जास्त झालं वाटतं’ म्हणून इथे घाबरायचं कारण नाही. झाकून ठेवलं की रवा पाक पीत जातो, कण फुगतात. दर अर्ध्या-पाऊण तासानं ढवळायचं. दोन ते चार तासांत मिश्रण आळतं, चमच्याला धरून राहतं, आणि तळव्यावर घेऊन दाबलं तर बोटांच्या खुणा जशाच्या तशा राहतात. वळायची वेळ ती. उशीर झाला तर वरचा थर कोरडा पडतो आणि तो वेगळा खरवडून घ्यावा लागतो.

आता हिशोब. एक किलो रवा भाजताना त्यातला ओलावा उडतो आणि तो ९५० ग्रॅमच्या आसपास उरतो. पाक ११३० ग्रॅम. तूप जवळपास सगळंच टिकतं, २२५ ग्रॅम. नारळ परतल्यावर अडीचशेचा पावणेदोनशे ते १८० ग्रॅम होतो. काजू-बेदाणे ७५ ग्रॅम. बेरीज केली तर अडीच किलोच्या थोडी वर जाते. मुरताना आणखी थोडं पाणी उडतं, थोडं मिश्रण कढईला, उलथन्याला, हाताला लागतं आणि चवीच्या नावाखाली थोडं पोटातही जातं. शेवटी ताटात येतात ते २.४ किलो लाडू, थोडे इकडे-तिकडे. म्हणजे रव्याच्या वजनाच्या जवळपास अडीचपट. घरच्या वहीत लिहून ठेवायचा आकडा हाच.

तिथून पुढे नगांचं गणित. चाळीस ग्रॅमचा लाडू धरला तर एक किलो रव्याचे साठ. तीस ग्रॅमचे ऐंशी. पन्नास ग्रॅमचे अठ्ठेचाळीस. आणि तयार लाडू एक किलो घेतले, तर चाळीस ग्रॅमचे पंचवीस, तीस ग्रॅमचे तेहेतीस, पन्नासचे वीस. सुरुवातीच्या उत्तरांमध्ये पंचवीस आणि ऐंशी दोन्ही कसे खरे ठरतात, ते इथे उघड होतं.

डोळ्यांना मात्र तीस आणि पन्नास ग्रॅममधला फरक फार दिसत नाही, आणि अंदाज चुकतात ते यामुळे. चाळीस ग्रॅमचा लाडू साधारण टेबल टेनिसच्या चेंडूएवढा, म्हणजे चार सेंटिमीटरचा असतो. पन्नास ग्रॅमचा त्याहून जेमतेम तीन-चार मिलिमीटरनं मोठा. एवढ्याशा फरकानं किलोमागे बारा लाडू कमी होतात. गोल वस्तूचा व्यास जरा वाढला की वजन भराभर वाढतं, आणि वळणाऱ्या हाताला याची जाणीव नसते. सुरुवातीचे लाडू नेटके होतात, दमल्यावर मोठे व्हायला लागतात, हा तर सगळ्यांच्याच हाताचा स्वभाव.

समजा सोसायटीतल्या फराळासाठी शंभर लाडू करायचे आहेत आणि प्रत्येकी पस्तीस ग्रॅमचा पुरेसा आहे. शंभर गुणिले पस्तीस, साडेतीन किलो. त्याला २.४ नं भागलं की १.४६ किलो रवा, म्हणजे दीड किलो घ्या. साखर त्याच्या ८५ टक्के, १,२७५ ग्रॅम. तूप ३४० ग्रॅम. चव ३७५ ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम नारळ खोवून थोडा चव उरेल. पाकाला पाणी साडेसहाशे मिलिलिटरच्या थोडं आत. रवा तीन घाण्यांत भाजा. पाक मात्र एकाच पातेल्यात करा, दोनदा केला की दोन्ही वेळी तो सारखा होत नाही आणि अर्धे लाडू मऊ, अर्धे कडक निघतात. मिश्रण आळल्यावर, वळायला बसण्याआधी, अख्खं पातेलं काट्यावर ठेवा आणि रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. समजा ३,५७० ग्रॅम भरलं. शंभरनं भागलं की प्रत्येकी पस्तीस ग्रॅम, वर दोन उरतील. पहिले दोन-तीन लाडू तोलून हाताला माप लावून घ्यायचं आणि मग प्रत्येक दहाव्या लाडवाला काटा दाखवायचा. एवढं केलं की मोजताना सत्त्याण्णव भरले आणि धावपळ झाली, असं होत नाही. बेदाणे एकेक वरून टोचणार असाल तर तेही शंभर आधीच मोजून वाटीत काढावेत. वाटीतले बेदाणे संपले की लाडू शंभर झाले, निराळं मोजायला नको.

बिनपाकी लाडवांचं थोडक्यात. त्यांत पिठीसाखर लागते आणि पिठीसाखर वाटीत हलकी बसते, त्याच वाटीत जेमतेम ८० ग्रॅम. म्हणून तिथे ‘रव्याच्या बरोबरीनं पिठीसाखर’ असं सांगतात, तेव्हा वजनात ती किलोला साडेसातशेच पडते. पाक नाही, म्हणून बांधायचं काम तुपाला करावं लागतं, आणि तूप किलोला चारशे ग्रॅमपर्यंत जातं. पाण्याची भर नसल्यामुळे एकूण वजन दोन किलोच्या आसपासच राहतं आणि चाळीस ग्रॅमचे पन्नासच लाडू होतात. नारळ घालत नाहीत, त्यामुळे टिकतात मात्र महिनाभर. परदेशी मुलांना पाठवायच्या डब्यात हेच लाडू जातात ते याच कारणानं.

विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगायचं. एक किलो पाकातल्या लाडवांत साधारण ४१५ ग्रॅम रवा, ३५५ ग्रॅम साखर आणि ९५ ग्रॅम तूप असतं. चाळीस ग्रॅमच्या एका लाडवात चौदा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे. मधुमेहाची पथ्यं पाळणाऱ्या घरात हा आकडा कामाचा आहे. ऑर्डर देताना किलोचा भाव विचारायच्या आधी एका लाडवाचं वजन विचारा. पाहुणे नगानं खातात आणि दुकान वजनानं देतं. आणि ओल्या नारळाचे लाडू पाच दिवसांच्या आत संपवा. जास्त ठेवायचे असतील तर फ्रिजमध्ये ठेवा, तिथे ते दहा-बारा दिवस राहतात, फक्त खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, म्हणजे गोठलेलं तूप सैल होतं.